पंचेचाळीस मिनिटांतली नोकरी

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीसारख्या कुठल्याही औद्योगिक वसाहतीत पहिली पाळी भरायच्या वेळेला आतल्या रस्त्यांवरून एक चक्कर मारली, की नोकरीच्या जाहिराती खरोखर कुठे असतात ते कळतं. कंपनीच्या गेटला तारेने बांधलेल्या पत्र्यावर, सिक्युरिटी केबिनच्या काचेवर चिकटवलेल्या कागदावर, नाहीतर चहाच्या गाड्यामागच्या भिंतीवर त्या लिहिलेल्या असतात. ‘पाहिजेत : सीएनसी ऑपरेटर, व्हीएमसी सेटर, फिटर, हेल्पर. समक्ष भेटा.’ खाली पगार नसतो, पुष्कळदा कंपनीचं पूर्ण नावही नसतं. जो रोज त्या रस्त्याने जातो त्याला ती जागा दिसते. दहा-बारा किलोमीटरवरच्या गावात मोबाइलवर नोकऱ्या शोधत बसलेल्या आयटीआयच्या मुलाला ती दिसत नाही, आणि तो मित्राच्या भरवशावर भोसरीची किंवा चाकणची एसटी धरतो.

असं का होतं, याचं उत्तर छोट्या कारखान्यांच्या भरतीच्या पद्धतीत आहे. पंधरा ते चाळीस माणसांच्या मशीन शॉपला एका वेळी एक-दोन माणसंच लागतात. त्यासाठी जाहिरात द्यायची, शंभर अर्ज चाळायचे, मुलाखती घ्यायच्या, एवढा वेळ मालकाकडे नसतो. तो कामावरच्या माणसांना विचारतो, ‘तुझ्या गावात कोण आहे का?’ दोन दिवसांत माणूस मिळाला तर जागा संपली. नाही मिळाला तर गेटवर पाटी लागते. म्हणजे अशा कारखान्यात शिरण्याच्या वाटा दोनच : आत ओळखीचं कुणीतरी असावं, किंवा पाटी लागते त्या दिवसांत आपण गेटसमोर असावं. ज्याच्या घरात याआधी कुणी कारखान्यात गेलेलंच नाही, त्याच्यासाठी पहिली वाट बंद असते. दुसरी वाट उघडायची तर कोणत्या गेटसमोर उभं राहायचं, हे आधी माहीत हवं. आपल्या जिल्ह्यातल्या रोजगाराच्या जागांचा नकाशा स्वतः काढायचा तो यासाठी.

कोल्हापूर जिल्ह्याचंच उदाहरण घेऊ. या जिल्ह्यात एकाच जातीचे नव्हे, तर तीन-चार वेगवेगळ्या जातींचे उद्योग शेजारी शेजारी आहेत. शहराच्या पोटात शिवाजी उद्यमनगर आहे. ऑइल इंजिनांच्या काळापासूनच्या लेथ, पॅटर्न आणि सुट्या भागांच्या गल्ल्या तिथे आजही चालू आहेत. पुणे-बंगळूर महामार्गावर उत्तरेला शिरोली आणि दक्षिणेला गोकुळ शिरगाव या जुन्या एमआयडीसी. त्याच्या पुढे कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, रेमंड यांसारखे मोठे कारखाने तिथले. पूर्वेला यंत्रमागांचं इचलकरंजी, त्याला लागून यड्रावची पार्वती औद्योगिक वसाहत, हातकणंगल्याची लक्ष्मी औद्योगिक वसाहत. हुपरीत चांदीकाम. गांधीनगरला कापडाची घाऊक बाजारपेठ. शिवाय साखर कारखाने, आणि गोकुळ, वारणा यांचे दूध प्रकल्प.

ही यादी वाचून जिल्ह्यात काम भरपूर आहे असं वाटेल. पण जिल्हा म्हणजे नोकरीचं अंतर नव्हे. चंदगडच्या मुलाला शिरोली पुण्यापेक्षा जवळ असली, तरी रोज येण्याजाण्याच्या हिशेबाने ती पुण्याइतकीच अशक्य आहे. त्याचा नकाशा हलकर्णी एमआयडीसी, गडहिंग्लज आणि सीमेपलीकडचं बेळगाव असाच निघेल. म्हणून नकाशाच्या मध्यभागी जिल्ह्याचं ठिकाण धरायचं नाही, स्वतःचं घर धरायचं.

समजा, हातकणंगले तालुक्यातल्या रुकडी गावातली एक मुलगी आहे. मशिनिस्ट ट्रेडचा आयटीआय पूर्ण झालाय, वय वीस, घरात एक मोटरसायकल आहे पण ती वडिलांनाही लागते. तिने कागदावर घराभोवती वर्तुळ काढलं तर वीस किलोमीटरच्या आत शिरोली, लक्ष्मी वसाहत, इचलकरंजी, उद्यमनगर, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या वसाहतीचा बराचसा भाग असं सगळंच येतं. वर्तुळ उदार असतं, ते सगळ्यांना आत घेतं.

पण मध्ये पंचगंगा आहे. रुकडी, शिरोली, हातकणंगले आणि इचलकरंजी नदीच्या उत्तरेला. गोकुळ शिरगाव, हुपरी, कागल दक्षिणेला. नदी ओलांडायची म्हणजे पूल आला, आणि पूल आला की सरळ रेषेतलं अंतर निरुपयोगी झालं. पावसाळ्यात तर प्रश्न आणखी कडक होतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पुराचं पाणी शिरोलीजवळ थेट राष्ट्रीय महामार्गावर आलं आणि वाहतूक काही दिवस बंद राहिली. कोल्हापूर शहरातून शिरोलीला जाणारे तेव्हा अडकले. रुकडीच्या मुलीला शिरोलीला जायला मात्र ती नदी ओलांडावी लागत नाही. सांगली रस्त्याला लागून हेर्ल्यावरून ती पोहोचते. नव्या कामगाराने पहिल्याच पावसाळ्यात आठ दिवस दांडी मारली तर त्याची जागा राहील याची खात्री नसते. तेव्हा नदी कुठे आडवी येते, हे नकाशावर निळ्या पेनने ठळक करून ठेवावं.

म्हणून अंतर किलोमीटरमध्ये न धरता मिनिटांत धरायचं, आणि तेही पाळीच्या वेळेला. दुपारी बाराला वीस मिनिटांत होणारा रस्ता सकाळी शाळा-कॉलेज-कंपनीच्या गर्दीत चाळीस मिनिटं घेतो. उलट पहाटे रस्ता मोकळा असतो, पण त्या वेळी गावातून एसटीच नसते. दारापासून गेटपर्यंत पंचेचाळीस मिनिटं ही बहुतेकांना वर्षानुवर्षं पेलणारी मर्यादा आहे. रुकडीला रेल्वे स्टेशन आहे, त्यामुळे कोल्हापूर-मिरज मार्गावरच्या गाड्याही तपासायच्या. मात्र गाडीच्या वेळा आणि पाळीच्या वेळा जुळतात का, आणि स्टेशनपासून वसाहत किती लांब, हे पाहिल्याशिवाय त्या वाटेवर भिस्त ठेवायची नाही. पाळीची वेळ ऐकून नव्हे, विचारून लिहायची. एकाच वसाहतीत एका कंपनीची पाळी सातला आणि शेजारच्या कंपनीची साडेआठला सुरू होते. साप्ताहिक सुट्टीही रविवारीच असेल असं नाही. वीजपुरवठ्याच्या सोयीसाठी वसाहतींना वेगवेगळे वार ठरवून दिले गेले. पिंपरी-भोसरी भागात तो वार गुरुवार आहे. घरात दुसरं कुणी रविवारी सुट्टीवर असेल आणि एकच गाडी असेल, तर हा तपशील क्षुल्लक नाही.

या चाळणीतून रुकडीच्या मुलीच्या हाती तीन ठिकाणं उरतात : शिरोली, हातकणंगल्याची लक्ष्मी वसाहत आणि इचलकरंजी. आता या तीन ठिकाणी आत काय आहे ते पाहायचं.

एमआयडीसीची माहिती मिळवणं त्यातल्या त्यात सोपं. महामंडळाच्या midcindia.org या संकेतस्थळावर औद्योगिक क्षेत्रांची यादी आणि नकाशे असतात. प्रत्येक प्लॉटला अक्षर आणि आकडा असतो. कामगार पत्ता सांगताना कंपनीच्या नावाआधी हाच क्रमांक सांगतात, कारण कंपनी बदलते, क्रमांक बदलत नाही. तेव्हा आपल्या नकाशातही नोंद प्लॉट क्रमांकाने करावी. मात्र एमआयडीसीचा नकाशा संपला म्हणजे उद्योग संपले, असं समजणाऱ्याचा अर्धा जिल्हा हातचा जातो. लक्ष्मी आणि पार्वती या सहकारी वसाहती आहेत. त्या महामंडळाच्या यादीत सापडायच्या नाहीत. उद्यमनगरही नाही. सांगली रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एनए जमिनींवर उभी राहिलेली शेड तर कुठल्याच वसाहतीत मोडत नाहीत. यांच्यासाठी उपग्रहचित्र कामी येतं. मोबाइलच्या नकाशात सॅटेलाइट दृश्य लावून आपल्या पंचेचाळीस मिनिटांच्या पट्ट्यातला रस्ता हळूहळू सरकवत जायचा. पत्र्याची लांब छपरं, समोर ट्रक, आवारात ओळीने लावलेल्या मोटरसायकली दिसल्या की खूण करायची. नावं नंतर, प्रत्यक्ष जाऊन.

नावांसाठी आणखी एक दार आहे आणि ते बहुतेक तरुणांना माहीत नसतं : उद्योजकांच्या संघटना. शिरोलीची ‘स्मॅक’, गोकुळ शिरगावची ‘गोशिमा’, शहरातली कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन. सभासद कारखाने आणि ते काय बनवतात, याची माहिती अशा संघटनांकडे असते, आणि कुणाला माणसं हवी आहेत याची चर्चाही तिथे आधी पोहोचते. तिथल्या कार्यालयात आयटीआयचं प्रमाणपत्र घेऊन गेलेल्या मुलीला कुणी लगेच नोकरी देणार नाही, पण ‘तुझ्या ट्रेडची मशीन कुणाकुणाकडे आहेत’ या प्रश्नाचं उत्तर मिळू शकतं. जिल्हा उद्योग केंद्रातही विचारावं. तिथली यादी जुनी असू शकते, तेव्हा ती सुरुवात म्हणून घ्यायची.

आता या सगळ्या कामाचा गाभा. नावांची यादी म्हणजे नकाशा नव्हे. कोण कुणाला माल देतो, हे कळलं की नकाशा बोलू लागतो.

कोल्हापूरचा कणा फौंड्री आहे. कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली या पट्ट्यात लहानमोठ्या सुमारे तीनशे फौंड्री असल्याचं सांगितलं जातं. फौंड्रीत लोखंड वितळवून साच्यात ओततात आणि कास्टिंग तयार होतं. ट्रॅक्टर, ट्रक, पंप, इंजिन यांचे भाग त्यातून निघतात. हे कास्टिंग साच्यातून बाहेर येतं तेव्हा खडबडीत असतं. त्याची वाळू झाडायची, कडेचं जादा लोखंड घासून काढायचं, या कामाला फेटलिंग म्हणतात. मग ते मशीन शॉपला जातं. तिथे सीएनसीवर टर्निंग, व्हीएमसीवर मिलिंग, ड्रिलिंग, टॅपिंग होतं. नंतर तपासणी, गंज रोखायला तेल, पॅकिंग, आणि मग ट्रक. एकेका टप्प्यावर वेगळा कारखाना असू शकतो. फौंड्रीच्या मालकाचं स्वतःचं मशीन शॉप असतं, आणि ते भरलं की तो बाहेरच्या जॉबवर्कवाल्याला माल देतो.

मशिनिस्ट मुलीने सगळ्यात मोठं नाव असलेल्या फौंड्रीच्या गेटवर अर्ज दिला तर तिथे मेल्टिंगला, मोल्डिंगला, फेटलिंगला माणसं हवी असतात. तिच्या शिक्षणाचं काम तिथे थोडं. तिचं काम त्या फौंड्रीचं कास्टिंग जिथे जातं तिथे आहे. ते कुठे जातं, हे गेटवरून निघणाऱ्या टेम्पोच्या चालकाला विचारलं तरी कळतं. कच्चं कास्टिंग भरलेला टेम्पो वसाहतीतल्याच दुसऱ्या गल्लीत वळला, तर तिथे मशीन शॉप आहे. त्या शॉपच्या बाहेर लोखंडी बरादाचे पिंप ठेवलेले असतात, आत कूलंटचा वास असतो, आणि शटर अर्धं उघडं असेल तर मशीन मोजताही येतात. फौंड्रीच्या बाहेर काळी पडलेली वापरलेली वाळू असते. दोन्हींतला फरक रस्त्यावरून ओळखता येतो.

इचलकरंजीची साखळी निराळी आहे. सुतावर खळ चढते ती सायझिंगमध्ये, मग वहिफणी, कांडी, यंत्रमाग, पुढे प्रोसेस, आणि थोड्या प्रमाणात गारमेंट. साध्या मागांच्या जोडीला आता शटललेस माग आले आहेत. मशिनिस्टचं थेट काम इथे कमी. पण मागांचे सुटे भाग बनवणारी, दुरुस्ती करणारी वर्कशॉप इथे आहेत, आणि इलेक्ट्रिशियन किंवा मेकॅनिकल मेंटेनन्सचा मुलगा असेल तर सायझिंग आणि प्रोसेसच्या बॉयलर-मोटारींवर त्याला काम आहे. एकाच गावातल्या दोन भावंडांचे नकाशे वेगळे निघतात ते यामुळे. अकाउंट्स शिकलेल्याचा नकाशा तर आणखी वेगळा : त्याला गांधीनगरचे घाऊक व्यापारी, वाहतूकदारांची कार्यालयं आणि कर सल्लागार मोजायला हवेत. संगणकाचं काम करणाऱ्याने कोल्हापुरात हिंजवडीसारखं एकसलग आयटी पार्क शोधू नये. शहरातल्या व्यापारी संकुलांच्या वरच्या मजल्यांवरच्या पाट्या वाचाव्यात.

नोंदीसाठी शंभर पानी वही पुरते. एका कंपनीला एक पान. वर प्लॉट क्रमांक, पाटीवरचं नाव, आणि मिळालं तर कायदेशीर नाव. खाली काय बनतं, कोणती मशीन दिसली, पाळ्या किती, भरती कंपनी करते की ठेकेदार, कधी गेलो, कुणाशी बोललो, काय म्हणाले. ज्यांना जमेल त्यांनी हीच माहिती गुगल माय मॅप्सवर रंगीत खुणांनी भरावी. हिरवी खूण म्हणजे माझ्या ट्रेडचं काम आहे, पिवळी म्हणजे पुन्हा विचारायचं, लाल म्हणजे बंद किंवा जाण्यासारखं नाही. लाल खुणा पुसू नयेत. नाहीतर सहा महिन्यांनी तेच बंद गेट पुन्हा शोधत जावं लागतं. ऑनलाइन नकाशांवर बंद पडलेल्या कंपन्या वर्षानुवर्षं जिवंत दिसतात, हे ध्यानात ठेवावं. शेड एकाचं, भाडेकरू दुसरा, आणि पाटी तिसऱ्याची, असंही वसाहतींत सर्रास असतं.

कंपनी चालू आहे आणि ती माणसांना रीतसर ठेवते, हे घरबसल्या तपासायची एक चांगली सोय सरकारनेच करून ठेवली आहे. भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या epfindia.gov.in या संकेतस्थळावर `Establishment Search` नावाचा शोध आहे. त्यात आस्थापनेचं नाव टाकलं की नोंदणीकृत पत्ता दिसतो, आणि भरण्याच्या तपशिलात कोणत्या महिन्यासाठी किती रक्कम भरली आणि ती किती कामगारांची, हेही दिसतं. यासाठी लॉगिन लागत नाही.

हे आकडे कसे वाचायचे? समजा, गेटवर सांगितलं, ‘आमच्याकडे दोनशे माणसं आहेत.’ पीएफच्या नोंदीत मात्र चाळीसच निघाली. लगेच फसवणूक म्हणायचं कारण नाही. उरलेली माणसं ठेकेदाराच्या नावावर असतात आणि त्यांचा पीएफ ठेकेदाराच्या वेगळ्या कोडवर भरला जातो. म्हणजे या कंपनीत नवा माणूस बहुतेक ठेकेदारामार्फतच शिरणार. मग प्रश्न बदलतो : ठेकेदार कोण, आणि त्याचा पीएफ नियमित भरला जातो का? ठेकेदाराचं नाव विचारून त्याचाही शोध त्याच पानावर घ्यायचा. गेल्या चार-सहा महिन्यांचे भरणे सलग दिसत असतील तर बरं. मधले महिने गायब असतील, किंवा आकडा महिन्यागणिक उतरत असेल, तर पगारही थकतो का, हे आतल्या कामगाराला विचारून घ्यावं.

या शोधाची मर्यादाही आहे. पीएफचा कायदा साधारणपणे वीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला लागू होतो. बारा जणांचं मशीन शॉप यादीत सापडलं नाही म्हणून ते बनावट ठरत नाही. ईएसआयची मर्यादा दहा माणसांची आहे आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना ते संरक्षण मिळतं. फौंड्री आणि प्रेस शॉपमध्ये भाजण्याची, बोट जाण्याची जोखीम खरी असते, त्यामुळे छोट्या शॉपमध्ये पीएफ नसला तरी ईएसआय आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारायला संकोच करू नये.

नुकताच आयटीआय झालेल्यांनी तीस हा आकडा लक्षात ठेवावा. अॅप्रेंटिस कायद्याच्या नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनेला ते ऐच्छिक आहे. म्हणजे वहीतल्या ज्या पानावर पीएफचा आकडा तीसच्या वर आहे, तिथे ‘जागा आहे का’ असं न विचारता ‘अॅप्रेंटिस घेताय का’ असं विचारता येतं. apprenticeshipindia.gov.in वर नाव नोंदवून गेलेल्या उमेदवाराशी टाइम ऑफिसला पुढचं बोलणं सोपं जातं.

गेटवर जायची वेळ महत्त्वाची. पाळी बदलताना सिक्युरिटीवाल्याला मान वर करायला फुरसत नसते आणि सुपरवायझर उत्पादनाचे आकडे जुळवत असतो. सकाळी दहा ते साडेअकराच्या दरम्यान गेलेलं बरं. सुपरवायझरला कागदपत्रांच्या जाड फाइलपेक्षा एक पान पुरतं : ट्रेड, कोणती मशीन हाताळली, व्हर्नियर-मायक्रोमीटर आणि ड्रॉइंग वाचता येतं का, घर किती मिनिटांवर, पाळ्या चालतील का. घराचं अंतर ठळक लिहावं. जवळचा माणूस पाळीला वेळेवर येतो आणि सोडून जात नाही, हा मालकांचा अनुभव असतो, आणि रुकडीच्या मुलीचं पुण्याहून आलेल्या अर्जापेक्षा हेच बळ आहे. रात्रपाळीबद्दल तिने स्पष्ट बोलावं. संध्याकाळी सात ते सकाळी सहा या वेळेत महिलांना काम द्यायचं तर त्यांची संमती आणि सुरक्षित वाहतुकीची सोय कायद्याने लागते.

जिथे ‘आधी पैसे भरा, मग ऑर्डर’ असं सांगितलं जातं ते पान तिथेच लाल करावं. गणवेशाचे, ट्रेनिंगचे, फाइलचे म्हणून पैसे मागणारा मध्यस्थ आणि कंपनी यांचा संबंध आहे का, हे कंपनीच्या गेटवर जाऊन दोन मिनिटांत कळतं. नकाशा हाताशी असला की ती दोन मिनिटं काढणं सोपं होतं.

जवळच्या नोकरीचा पगार कमी, हे खरं आहे, आणि ते लपवून चालणार नाही. पण तुलना हाती उरणाऱ्या पैशांची करावी. उदाहरणादाखल हिशेब मांडू. पुण्यात १८,००० मिळाले. वाटून घेतलेल्या खोलीचे ३,५००, मेसचे ३,५००, रोजच्या प्रवासाचे १,०००, गावी येण्याजाण्याचे ८००. हाती ९,२००. शिरोलीत १४,००० मिळाले. रुकडीहून येऊन-जाऊन चोवीस किलोमीटर, महिन्याचे सव्वीस दिवस, म्हणजे सव्वासहाशे किलोमीटरच्या आसपास. पन्नासचं अॅव्हरेज धरलं तर साडेबारा लिटर पेट्रोल, सुमारे १,३००. गाडीच्या देखभालीला ३००, चहा-नाश्त्याला ६००. हाती ११,८००. प्रत्येकाने आपले आकडे घालून हा हिशेब करावा. गाडी नवी घ्यावी लागली तर हप्त्याने चित्र पालटतं.

पैशात न बसणारी एक बाजू उरते. एकाच प्रकारचं कास्टिंग रोज आठ तास लावणाऱ्या शॉपमध्ये तीन वर्षं गेली तर हात बसतो, पण ज्ञान वाढत नाही. वहीत प्रत्येक शॉपपुढे ‘इथे सेटिंग शिकायला मिळतं का’ हा रकाना हवा. ऑपरेटर बटण दाबतो, सेटर टूल लावतो आणि ऑफसेट जुळवतो. पगारातला मोठा फरक तिथे पडतो. पाच-सहा मशीनच्या लहान शॉपमध्ये नव्या मुलाला सेटिंगला हात लावू देतात, मोठ्या कारखान्यात ते काम वाटून दिलेलं असतं. म्हणून पहिली नोकरी लहान शॉपची आणि दुसरी मोठ्या कंपनीची, हा क्रम पुष्कळांना लाभतो. शिवाय फौंड्री पट्टा वाहन आणि ट्रॅक्टर उद्योगावर अवलंबून आहे. तिकडची मागणी घसरली की सगळ्या गल्लीतल्या पाळ्या एकदम कमी होतात आणि शेजारच्या गेटवरही पाटी नसते. अशा वेळी दूध प्रकल्प, साखर कारखाने, वस्त्रोद्योग यांतल्या मेंटेनन्सच्या जागा नकाशावर आधीच नोंदलेल्या असल्या तर उपयोगी पडतात.

हीच पद्धत सांगलीत कुपवाड-मिरजेला, नाशकात सातपूर-अंबड-सिन्नरला, छत्रपती संभाजीनगरात वाळूज-चिकलठाणा-शेंद्र्याला, रत्नागिरीत लोटे-परशुरामला आणि गोव्यात वेर्ण्याला लागू पडते. साखळी बदलेल. लोट्याला ती रसायनांची असेल, आणि तिथे मशिनिस्टऐवजी अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट हा ट्रेड चालेल.

एकट्याने काढलेला नकाशा मात्र लवकर जुना होतो. हे काम आयटीआयनेच अंगावर घेतलं पाहिजे. दरवर्षी बाहेर पडणारी मुलं जिल्ह्यातल्या शेकडो शेडमध्ये पांगतात आणि कुठे कोणती मशीन आली, कुठे पाळी वाढली, कुठे पगार थकला, हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळतं. प्लेसमेंट विभागाने वर्षातून दोनदा या माजी विद्यार्थ्यांना फोन करून ही माहिती घ्यावी, जिल्ह्याचा नकाशा वर्कशॉपच्या भिंतीवर लावावा आणि शेवटच्या सत्रातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला आपल्या घरापासूनच्या पंचेचाळीस मिनिटांतली गेटं त्यावर शोधायला लावावीत. याला वेगळा निधी लागत नाही. प्राचार्यांनी ठरवलं तर येत्या सत्रातच सुरुवात होऊ शकते.